वीस बोंडांतली दोन किडकी

तळेगावच्या (श्यामजी पंत) शिवारात कपाशी उभी असताना नमुना आणि टक्केवारी या विषयासाठी उदाहरण शोधायला लांब जायला नको. गुलाबी बोंडअळी बाहेरून दिसत नाही, बोंड फोडावं लागतं. म्हणून सल्ला दिला जातो की एकरातून वीस हिरवी बोंडं तोडून फोडा. दोन किडकी निघाली, म्हणजे दहा टक्के, तर फवारणीची वेळ आली. हा नियम सोपा आहे, आणि सोपा आहे म्हणूनच तो वापरला जातो. आमची तक्रार नियमाबद्दल नाही, तो वाचण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

समजा, एका वावरात खरोखरच दहा टक्के बोंडं किडकी आहेत. शंभर जणांना तिथे पाठवलं आणि प्रत्येकानं आपापली वीस बोंडं फोडली. काय निघेल? द्विपद वितरणानं हिशेब केला तर साधारण १२ जणांना एकही किडकं बोंड मिळणार नाही, २७ जणांना एक मिळेल, २९ जणांना दोन, १९ जणांना तीन, आणि उरलेल्या १३ जणांना चार किंवा जास्त. वावर तेच, कीड तेवढीच, पण उत्तरं वेगवेगळी. या सगळ्या उत्तरांच्या पसाऱ्यालाच नमुना-वितरण म्हणतात. त्यातले ३९ जण 'फवारणी नको' म्हणून घरी येतील, आणि त्यांच्यातल्या एकाचीही मोजणी चुकलेली नसेल.

हा पसारा किती मोठा, ते एका आकड्यात सांगते ती प्रमाणित त्रुटी, म्हणजे स्टँडर्ड एरर. ०.१० ला ०.९० नं गुणा, २० नं भागा, वर्गमूळ काढा: ०.०६७. म्हणजे दहा टक्क्यांच्या अंदाजात जवळपास सात टक्क्यांची हेलकावणी. ती निम्मी करायची तर दुप्पट बोंडं पुरत नाहीत, चौपट लागतात: वीसच्या जागी ऐंशी.

इथवर पुस्तक बरोबर आहे. पुढे ते घसरतं. पाठ्यपुस्तकी सवय अशी की अंदाजाच्या दोन्ही बाजूंना साधारण दोन प्रमाणित त्रुट्या घ्यायच्या आणि झाली ९५ टक्क्यांची मर्यादा. करून बघू: उणे ३ टक्के ते २३ टक्के. उणे तीन टक्के किडकी बोंडं कोणत्या वावरात असतात? एकही किडकं निघालं नाही तर आणखी गंमत: त्रुटीच शून्य येते, म्हणजे सूत्र सांगतं की वावर शंभर टक्के निरोगी. प्रत्यक्षात वीसपैकी शून्य निघालं तरी कीड १४ टक्क्यांपर्यंत असू शकते.

चूक कुठे? घंटेच्या आकाराची प्रसामान्य वक्ररेषा दोन्ही बाजूंना सारखी पसरते. आपलं वितरण मात्र डावीकडे शून्याच्या भिंतीला टेकलेलं आणि उजवीकडे लांबलेलं आहे. 'नमुना तीसच्या वर असला की चालतं' हे वाक्य इथे कामाचं नाही. तीस बोंडं घेतली तरी दहा टक्क्यांनी अपेक्षित किडकी तीनच. तपासायचं ते असं: किडकी निदान दहा आणि चांगलीही निदान दहा आहेत का? काही पुस्तकं पाचवर भागवतात. आपल्याकडे आहेत दोन आणि अठरा, म्हणजे दोन्ही कसोट्यांत नापास. शंभर बोंडांत दहा किडकी निघाली, तर सूत्र ४ ते १६ टक्के सांगतं, आणि ते जवळपास विश्वासाचं आहे. वीसवरच थांबायचं असेल तर एडविन विल्सन यांची १९२७ सालची रीत वापरावी. ती वीसपैकी दोनला साधारण ३ ते ३० टक्के अशी मर्यादा देते. रुंद आहे, पण खोटी नाही.

आणखी एक अट सूत्र गृहीत धरतं आणि आपण विसरतो: प्रत्येक बोंड स्वतंत्रपणे निवडलेलं असावं. बांधाजवळच्या चार झाडांवरून वीसही बोंडं तोडली तर कागदावर वीस, पण माहिती चार-पाच बोंडांचीच. कीड एकाच कोपऱ्यात असेल तर ती पूर्ण सापडेल नाहीतर पूर्ण चुकेल. म्हणून वावरात नागमोडी फिरून वीस वेगवेगळ्या झाडांवरून एकेक बोंड तोडायचं.

मग नियम टाकून द्यायचा? नाही. कीड वीस टक्क्यांवर गेली की हाच नियम शंभरातल्या ९३ वेळा इशारा देतो. पाच टक्क्यांवर मात्र २६ वेळा विनाकारण फवारायला लावतो. म्हणजे टोकाला तो चांगला, काठावर कच्चा. आमचं म्हणणं एवढंच: चार किंवा जास्त निघाली तर थांबू नका, एक, दोन किंवा तीन निघाली तर त्याच दिवशी आणखी वीस फोडा, शून्य निघालं तर 'कीड नाही' असं न लिहिता 'वीसमध्ये सापडली नाही' असं लिहा आणि आठवड्यानं पुन्हा जा. दहा टक्के कीड तशीच राहिली, तर दोन्ही आठवडे ती निसटण्याची शक्यता ३९ वरून १५ टक्क्यांवर येते.