छापील कवितेतील कोरी जागा

कवितेच्या ओळीभोवती सोडलेली कोरी जागा ही मुद्रकाची सोय की कवीचा शब्द, हा प्रश्न आमच्या चर्चेत क्वचितच येतो. हस्तलिखित पोथीत तो उद्भवतच नव्हता. तेथे अक्षरे सलग चालत आणि चरणाचा शेवट दंडावरून किंवा कानावरून कळे. ओळ मोडणे, ती आत सरकवणे व कडव्याला आकार देणे ही साधने आपणांस प्रामुख्याने मुद्रणाने दिली.

इंदूरजवळच्या हातोद येथे एका मराठी घरात बसलो असता या प्रश्नाची निकड आम्हांस जाणवली. घरातील मुले हिंदी शाळेत शिकणारी. लिपी एकच असल्याने मराठी अक्षर त्यांना सहज वाचता येते; परंतु भजनाचा संस्कार कानावर नसल्याने अभंगाची चाल ठाऊक नाही. अशा वाचकाला चरण कोठे संपतो हे पानानेच सांगावे लागते. त्यांच्यासाठी सहा, सहा, सहा व चार अक्षरांचे एक कडवे आम्ही रचले आणि गाथेच्या रूढ पद्धतीने लिहून दिले :

थांबला पाऊस । काळी झाली माती ।
पेरत्याच्या हाती । बीज नाही ॥

मुलांनी त्याची दोन सरळ वाक्ये केली. दंड त्यांनी ओलांडले आणि यमक त्यांच्या ध्यानात आले नाही. यात त्यांचा दोष नव्हता. या छंदात यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत असते. दोन ओळींच्या मांडणीत त्यांपैकी एक ओळीच्या शेवटी पडते आणि दुसरे पुढील ओळीच्या मध्यावर. कान ते जोडतो, डोळा जोडीत नाही. मग आम्ही चार ओळी केल्या :

थांबला पाऊस
काळी झाली माती
पेरत्याच्या हाती
बीज नाही

आता ‘माती’ आणि ‘हाती’ एकाखाली एक आले व मुलांनी यमकावर आपण होऊन थांबा घेतला. शेवटच्या ओळीच्या उजवीकडे जी जागा उरली, ती उणी असलेल्या दोन अक्षरांची आहे. गाणारा ती स्वर लांबवून भरून काढतो. पानावर ती रितीच राहते, आणि या कडव्याच्या अर्थाला ते रितेपण साजते.

याच ओळीला आत सरकवले तर काय होते ते पाहावे :

पेरत्याच्या हाती
      बीज नाही

कोरी जागा आता शब्दांच्या आधी आली. मुले ‘हाती’पाशी अडखळली आणि शेवटचे दोन शब्द धक्क्यासारखे उच्चारू लागली. पहिल्या मांडणीतील शांतता उच्चारानंतरची होती. ही उच्चारापूर्वीची आहे. छंदाने दिलेली लांबण नाहीशी होऊन तिच्या जागी नाट्य आले. दोन्ही परिणाम कवीला साधता येतात, पण ते एक नव्हेत. आमच्या मते या कडव्याला पहिलाच न्याय्य होय.

या साधनाच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. अक्षरछंदात मोजणी अक्षरांची असते, रुंदीची नव्हे. ‘थांबला पाऊस’ व ‘पेरत्याच्या हाती’ यांत अक्षरे सहा-सहाच. तथापि काने, जोडाक्षरे व खिळ्यांची घडण यांमुळे छापील लांबी सारखी येत नाही. म्हणून अशा ओळी पानाच्या मध्यावर रचल्या, तर दोन्ही कडा दातेरी होऊन कवीच्या मनात नसलेली आकृती उमटते. डावी कड सरळ ठेवल्यास हा भास टळतो.

याहून फसवी गोष्ट म्हणजे अरुंद पानावर न मावलेली ओळ. तिचा उरलेला भाग मुद्रक खाली, आत सरकवून जुळवतो आणि अभ्यासक त्यात हेतू शोधीत बसतो. जेथे केवळ लांब ओळीच तुटतात व प्रत्येक वेळी समासाचे अंतर तेवढेच राहते, तेथे मुद्रकाची सोय समजावी आणि मोठ्या आकाराची आवृत्ती पाहावी. कडव्यांमधील जागा पानाच्या तळाशी आल्यास तीही अदृश्य होते.

रितेपणाच आशय झाल्याचे उदाहरण हवे असल्यास अरुण कोलटकरांच्या १९७६ साली ग्रंथरूपाने आलेल्या इंग्रजी ‘जेजुरी’कडे वळावे. तेथे शेतात नाचणाऱ्या कोंबड्या-कोंबड्यांचे वर-खाली होणे शब्द पानभर विखरून दाखविले आहे. त्या शब्दांची सरळ ओळ केली तर नाच उरतच नाही.

हीच कसोटी आम्ही सुचवितो. मांडणी सपाट करून कविता पुन्हा वाचावी. काहीच हरवले नाही, तर ती जागा अलंकरणाची होती. आमच्या कडव्यात यमकाचा थांबा हरवला, आणि हातोदच्या त्या मुलांना तो हरवल्याचे कळलेही नसते.