नारदाच्या हाती आलेला निरोप

राखीच्या सकाळी आमच्या न्हाव्यात दोन सण एकदमच उजाडतात. पुरुषमंडळी सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ घेऊन संध्याकाळी खाडीवर जायच्या तयारीला लागलेली असतात आणि बायका ताटात कुंकू, अक्षता, निरांजन, राखी मांडत असतात. कोळीवाड्यात नारळी पुनव आणि राखी वेगळ्या काढताच येत नाहीत. समुद्राला नारळ द्यायचा तो बोटीवरचा भाऊ सुखरूप परत यावा म्हणून, आणि राखीमागेही मागणं तेच. लाउडस्पीकरवर कोळीगीतं चालू असतात. मध्येच कुणीतरी 'छोटी बहन' चित्रपटातलं लताबाईंचं राखीचं गाणं लावतं. १९५९चं ते गाणं आजही कुणाला थांबवून ऐकायला लावतं.

आमच्या घरात मात्र ताट मांडूनही पुढे कुणी बसत नाही. माझा दादूस गुजरातच्या एका बंदरात कामाला आहे. १९८९ साली न्हावा शेवा बंदर सुरू झालं, त्यानंतर इथली कितीतरी पोरं बंदराची कामं शिकली आणि शिकलेलं काम घेऊन दुसऱ्या बंदरांत गेली. त्यामुळे राखी टपालाने जाते आणि सकाळी सातला, पाळी सुरू होण्याआधी, फोन येतो. तो फोन येईपर्यंत मी एकच गाणं ऐकते. ते राखीचं गाणं म्हणून लिहिलेलं नाही, त्यात राखी हा शब्दही सणाच्या अर्थाने येत नाही. पण दूर राहणाऱ्या भावाबहिणींसाठी त्याच्याइतकं नेमकं मराठी गाणं मला दुसरं सापडलेलं नाही.

ते 'श्यामची आई' या चित्रपटातलं, द्रौपदीच्या भरजरी पितांबराचं गाणं. साने गुरुजींच्या पुस्तकावर आचार्य अत्र्यांनी १९५३ साली चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. गीत अत्र्यांचं, संगीत वसंत देसाईंचं. गायल्या आहेत आशा भोसले, तेव्हा जेमतेम विशीतल्या.

गोष्ट साधी आहे. कृष्णाचं बोट कापलं. बांधायला चिंधी हवी. कृष्णाची पाठची बहीण सुभद्रा, म्हणून नारद आधी तिच्याकडे जातो. ती म्हणते, घरात शालू आणि पैठण्या आहेत, त्या का फाडून देऊ? मग द्रौपदीची पाळी येते. ती म्हणते, मी त्याची कुणी नव्हे, पण त्याने मला बहीण मानलं आहे. आणि अंगावरचं मोलाचं वस्त्र फाडून देते.

ही गोष्ट व्यासांच्या महाभारतात नाही, लोकांच्या तोंडी वाढलेली आहे. नेहमीच्या सांगण्यात द्रौपदी तिथेच उभी असते, रक्त तिच्या डोळ्यांदेखत वाहतं आणि ती चटकन पदर फाडते. या गाण्यात तसं नाही, आणि माझं सगळं लक्ष त्या फरकावर आहे. इथे भाऊ दूर आहे. दोघी बहिणींपैकी एकीनेही ते कापलेलं बोट पाहिलेलं नाही. त्यांच्यापर्यंत आला आहे तो फक्त निरोप, तोही तिसऱ्याच्या तोंडून. सुभद्रा निरोप ऐकून हिशेब करते. द्रौपदीला निरोप ऐकूनच जखम दिसते.

त्यातही एक बारीक जागा आहे. द्रौपदीच्या दारी कोण गेलं, हे गाणं वेगळं सांगत नाही. निरोप घेऊन निघालेला नारद एकटाच आहे. पण द्रौपदी बोलू लागते तेव्हा तिच्या बोलण्यात नारद कुठेच नाही. ती म्हणते, देव स्वतःच माझ्या दारी आला, आणि मागायला काय आला तर एवढीशी चिंधी. निरोप्या आणि निरोप पाठवणारा यांच्यातलं अंतर तिने पुसून टाकलं आहे. आशाताईंचा आवाजही इथे रडवेला होत नाही. सुभद्रा बोलते तेव्हा आणि द्रौपदी बोलते तेव्हाही त्या गोष्ट सांगणारीच राहतात, चूल सारवता सारवता शेजारणीला सांगावी तशी. म्हणून ते बोलणं उपदेशासारखं अंगावर येत नाही.

दोन वर्षांपूर्वी आषाढात दादूसबरोबर काम करणारा गावचाच एक मुलगा सुट्टीवर आला होता. चहा पिऊन उठता उठता म्हणाला, "ताई, दादूसच्या बोटाला लागलंय. सांगू नको म्हणालाय." जहाजावरचे कंटेनर लोखंडी रॉड लावून आणि टर्नबकल पिळून आवळतात, त्यात त्याचं बोट चेपलं होतं. आठवडाभर रोज फोन होत होता आणि रोज तो मला इथल्या पावसाचं विचारत होता. मी फोन केला तर म्हणाला, "काय नाय गो, जरासं." त्या दिवशी मला हे गाणं नव्याने कळलं. दूर असलेला भाऊ दुखणं सांगत नाही. ते कळतं, ते कुणाच्या तरी हातून.

आता त्या चिंधीकडे पाहू. ज्या घरात कापडाची चिंधी बांधून जखमा बऱ्या केल्या आहेत, तिथल्या बाईला ठाऊक असतं की चिंधीसाठी सगळ्यात चांगलं कापड म्हणजे जुनं, शंभरदा धुतलेलं सुती लुगडं. ते सरळ फाटतं, मऊ असतं, रक्त शोषून घेतं. भरजरी वस्त्र या कामाला वाईट. रेशीम रक्त नीट टिपत नाही, जरीची तार टोचते आणि जरीच्या काठाशी कापड हाताने फाटता फाटत नाही. मग द्रौपदीने घरातलं जुनेर का नाही शोधलं? कारण निरोपात एक शब्द आहे, लवकर. पेटी उघडून जुनं कापड हुडकायला लागणारा वेळही तिला द्यायचा नाही. जे अंगावर आहे तेच हाताशी आहे, म्हणून तेच फाटतं. अत्र्यांनी वस्त्र भरजरी केलं ते तिचा त्याग मोठा दिसावा म्हणून, असं सगळे म्हणतात. मला त्यात त्यागापेक्षा घाई दिसते, आणि ती घाई मला जास्त खरी वाटते. हिशेब करायला जी थांबली ती मागे राहिली.

पितांबर हा शब्दही सहज आलेला नाही. पितांबर म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो कृष्णच. ते नेसूच मुळी त्याचं. आणि द्रौपदी गाण्यात सांगते, वस्त्रं पुरवून त्याने माझी लाज राखली. म्हणजे इथे वस्त्रहरण आधी घडून गेलं आहे. लोककथेत क्रम उलटा असतो: आधी चिंधी, मग भरसभेत त्या चिंधीची हजारपट परतफेड. तो क्रम ऐकायला गोड आहे, पण त्यात चिंधी ही ठेव होऊन बसते, व्याजासकट परत मिळालेली. अत्र्यांनी क्रम फिरवला आणि भावाबहिणीच्या नात्यातला देण्याघेण्याचा सौदाच काढून टाकला. आता द्रौपदीला पुढे काही मिळायचं उरलेलं नाही. शेवटाकडे गाणं लाभाविण प्रेम करणाऱ्या भावाबहिणींना धन्य म्हणतं, ते या क्रमामुळेच पटतं. क्रम जुना ठेवला असता तर तो शब्द खोटा पडला असता.

राखीच्या बहुतेक गाण्यांत बहीण मागते आणि भाऊ देतो. 'छोटी बहन'मधली बहीणही भावाला विनवते, बंधन पाळ म्हणते. 'बंदिनी'त (१९६३) आशाताईंनीच गायलेलं श्रावणातलं गाणं आहे. तुरुंगातली कैदी बाई जात्यावर दळता दळता वडिलांना विनवते, की भावाला मला न्यायला पाठवा. शैलेंद्रांचं ते गाणं ऐकताना घशात आवंढा येतो, कारण तिचा निरोप न्यायला नारद नाही. तिचं म्हणणं जात्यातच दळून जातं. आपल्या जुन्या ओव्यांतही सासुरवाशीण अशीच भावाच्या वाटेकडे डोळे लावून बसते. अत्र्यांच्या गाण्यात हे सगळं फिरलं आहे. इथे गरज भावाला आहे. रक्षणकर्ता म्हणून ज्याच्या हाताला आपण दोरा बांधतो त्याचाच हात जखमी आहे. मागणारा तो आहे आणि देणारी ती.

एक गोष्ट मात्र मला कधीच रुचली नाही. गाण्यातली यमकं बहुतेक 'न' आणि 'ण' यांच्यावर थांबतात, नारायण, ऋण, विलक्षण, आणि त्या ओघात बहीणच्या पुढे वैरीण येऊन बसते. सुभद्रेला लावलेला हा शब्द जड आहे. तिने निरोप ऐकला आणि घरातल्या पैठणीचा विचार केला, एवढाच तिचा दोष. कित्येक सख्ख्या बहिणींना निरोप कळतच नाही, कारण सख्खेपणामुळे त्यांना वाटत असतं की काही मोठं असतं तर त्याने स्वतःच सांगितलं असतं. आषाढातला तो आठवडाभर मीही सुभद्राच होते. रक्ताच्या नात्यातून प्रेम आपोआप उपजत नाही, अंतरीची खूण पटावी लागते, असं गाणं म्हणतं. ते खरं आहे. पण खूण न पटलेली बहीण वैरी होत नाही, तिला फक्त निरोप उशिरा ऐकू येतो. कवीने तिला आणखी एक कडवं द्यायला हवं होतं.

आता मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरायची वाट पाहावी लागत नाही. जानेवारी २०२४पासून शिवडी ते न्हावा शेवा अटल सेतू झाला आहे, आणि मुंबईतले भाऊ राखी बांधून घेऊन दुपारच्या जेवणाला परत जातात. पण गुजरात, चेन्नई किंवा दुबईच्या गोदीतल्या भावाला सेतू नाही. त्याच्याकडे पाकीट जातं, आणि त्याच्याकडून येतो तो आवाज.

म्हणून यंदा राखीच्या सकाळी फोन वाजायच्या आधी हे गाणं एकदा शांतपणे ऐका. आणि फोन आला की राखी पोचली का, रंग आवडला का, हे नंतर विचारा. आधी विचारा, हात कसा आहे? तो बरा आहे म्हणेल. मग त्याच्या सोबत्यालाही एक फोन करा.