पानी, मपलं आणि कोयता : बोलीतल्या तीन थरांबद्दल

आधी एक वाक्य वाचा. ते कुठल्या पुस्तकातलं नाही, या लेखासाठी मीच रचलंय. पाथर्डी तालुक्यातली एक बाई ऊसतोडीच्या मुकादमाशी बोलतेय, असं समजा :

"मुकादम, औंदा उचल येवढीच? मपला कोयता कव्हा रिकामा बसला व्हता का? पोरगी साळंतून काढून संगं आनली, तिचा तरी अर्धा कोयता धरा."

आता हेच प्रमाण मराठीत :

"मुकादम, या वर्षी आगाऊ रक्कम एवढीच? आमची जोडी कधी रिकामी बसली होती का? मुलगी शाळेतून काढून सोबत आणली, निदान तिची तरी अर्धी मजुरी धरा."

माहिती दोन्हीकडे जवळपास सारखीच आहे. तरी दुसरं वाक्य वाचताना काहीतरी निसटल्यासारखं वाटतं. ग्रामीण साहित्यावरच्या चर्चेत या निसटण्याला सहसा 'मातीचा गंध' वगैरे म्हणतात आणि तिथंच थांबतात. माझं एम.एस्सी.पर्यंतचं शिक्षण विज्ञानात झालंय, त्यामुळे 'गंध' म्हटलं की तो कशाचा, किती आणि मोजायचा कसा, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून त्या वाक्यातले बदल एकेक करून वेगळे काढू.

सर्वांत वरचा थर उच्चारांचा. 'आणली'चं 'आनली', 'होता'चं 'व्हता', 'शाळे'चं 'साळा', 'एवढी'चं 'येवढी'. यातलं काहीही खास नगरचं नाही. 'ण'चा 'न' कोल्हापूरकडं होतो, मराठवाड्यात होतो, विदर्भात होतो. 'विहीर'ची 'इहीर' आणि 'विस्तवा'चा 'इस्तू' अर्ध्या महाराष्ट्रात ऐकू येईल. म्हणजे हे उच्चार वाचून बाई कुठली ते कळत नाही. ती शहरातली नाही, फार शिकलेली नाही आणि बहुधा ब्राह्मण नाही, एवढंच कळतं. हा थर वर्ग दाखवतो. जागा दाखवत नाही.

दुसऱ्या थरात एकच शब्द आहे, 'मपला'. 'आपला'च्या चालीवर 'मपला' आणि 'तुपला'. नगर जिल्ह्यात, शेजारच्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात आणि बीडकडं हा शब्द ऐकू येतो. कोल्हापूरच्या किंवा अमरावतीच्या माणसाच्या तोंडी तो घातला तर तिथला वाचक लगेच ओळखेल की काहीतरी चुकलंय. जागा दाखवतो तो हा थर. कादंबऱ्यांमध्ये तो पहिल्या थरापेक्षा खूपच पातळ असतो.

तिसरा थर शब्दांचा आहे, पण नुसत्या वेगळ्या शब्दांचा नाही. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे हत्यार, आणि 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडीसुद्धा. मुकादम टोळी मोजतो ती कोयत्यांत, आणि हंगामाआधी 'उचल' देतो तीही कोयत्यामागे. एकटं माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. म्हणून ती बाई शाळेतून काढलेल्या मुलीसाठी अर्ध्या कोयत्याचा हिशेब मागते, तेव्हा आई आपल्याच मुलीला हत्याराच्या मापात मोजत असते. हे माप तिनं निवडलेलं नाही, पण बोलायला तिच्याकडं दुसरं मापही नाही. 'अर्धी मजुरी' म्हटलं की मूल पुन्हा मूल होतं आणि मजुरी मजुरी. वाक्य सभ्य होतं आणि त्यातली खरी गोष्ट जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रमाण भाषेत आणताना सर्वांत मोठं नुकसान या तिसऱ्या थरात होतं. आणि आपले लेखक, समीक्षक, शिवाय पुस्तकांवरून सिनेमा करणारे, या सगळ्यांची बहुतेक मेहनत पहिल्या थरावर खर्च होते.

पहिल्या थरात एक लबाडीही आहे. आपण सगळेच लिहितो तसं बोलत नाही. चांगली शिकलेली माणसंही 'सिंह'चा उच्चार 'सिंव्ह' करतात आणि 'ब्राह्मण'चा 'ब्राम्हण'. पण कादंबरीतला मास्तर किंवा मामलेदार बोलतो तेव्हा त्याचे शब्द कोशातल्यासारखे छापतात. सालगडी बोलला की त्याचा प्रत्येक श्वास उच्चाराप्रमाणे लिहितात. एकाला शुद्धलेखन मिळतं आणि दुसऱ्याला ध्वनिमुद्रण! वर्गभेद इथं पात्रांच्या बोलण्यात नसून छपाईच्या नियमात असतो.

आता प्रत्यक्ष पुस्तकांकडे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) माणदेशातली. तिथं निवेदक वाडीवर नेमणूक झालेला तरुण शाळामास्तर आहे, म्हणून निवेदन प्रमाण मराठीत आणि धनगरांचे संवाद त्यांच्या बोलीत. ही विभागणी पटते, कारण मास्तर खरंच बाहेरून आलेला आहे. भाषेतली फट ही गोष्टीतलीच फट आहे. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मध्ये (१९६०) कौतिकचं बोलणं वऱ्हाडी आहे, आणि निवेदक मात्र कुणी पात्र नाही, तरी त्याची भाषा प्रमाण आहे. 'धग' मोठी कादंबरी आहे याबद्दल वाद नाही. पण इथं अवतरणचिन्हं गावकुसासारखी वागतात. बोलीनं त्यांच्या आत राहायचं, बाहेर विचार करायचं काम दुसरी भाषा करणार.

१९७१ साली हे कुंपण दोन ठिकाणी एकदमच मोडलं. आनंद यादवांच्या 'गोतावळा'त मळ्यावरचा गडी नारबा सगळी गोष्ट कोल्हापुरी बोलीत सांगतो. रा. रं. बोराड्यांच्या 'पाचोळा'त पारबती मराठवाडी बोलीत सांगते. यावर 'अस्सलपणा आला' असं म्हणून पुढं जायची पद्धत आहे. मला वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. निवेदनच बोलीत आलं की शेजारी तुलनेला प्रमाण भाषा उरत नाही आणि 'पानी' हा उच्चार वर्ग दाखवायचं बंद करतो. दहा-पंधरा पानांनंतर तो वाचकाला दिसेनासा होतो. प्रयोगशाळेत पार्श्वभूमीचा सिग्नल वजा करतात, तसंच काहीसं. मग कोण वरचा आणि कोण खालचा हे लेखकाला दुसऱ्या मार्गानं दाखवावं लागतं : कोण कुणाला 'तू' म्हणतं, कोण ओसरीवर बसतं आणि कोण अंगणात, कोण 'राम राम' घालतं. गावातला वर्ग खऱ्या आयुष्यातही असाच दिसतो. गावात सगळेच 'पानी' म्हणतात हो, पाटीलसुद्धा.

आता आमच्या जिल्ह्याचं उदाहरण. (कागदोपत्री अहिल्यानगर झालंय, पण एस.टी. स्टँडवर अजून 'नगर'च ऐकू येतं.) दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. ते काटेकोर अर्थानं कादंबरी नाही, आत्मकथन आहे. पण भाषेच्या प्रश्नाला ते ज्या प्रकारे भिडतं, तसं फार थोड्या कादंबऱ्या भिडल्यात, म्हणून इथं घेतोय. पवार अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. पुस्तकात गोष्ट सांगणारा आहे दगडू मारुती पवार, आणि ती आपल्यापर्यंत आणणारा शिकलेला, नोकरी करणारा, लिहिणारा दया पवार. माणूस एकच, नावं दोन. 'दगडू' हे नावच पहिल्या थरातलं आहे. ते ऐकल्याबरोबर गाव आणि जात दोन्ही कळतात. 'दया' प्रमाण मराठीत चालतं.

म्हणून प्रमाण भाषा म्हणजे निव्वळ तोटा, असं मी म्हणणार नाही. महारवाड्यातल्या मुलासाठी ती शाळेतून मिळालेली आणि कष्टानं कमावलेली वस्तू होती. 'बलुतं'चं निवेदन बरंचसं प्रमाण मराठीकडं झुकलेलं आहे आणि ते तसं असण्यातच त्या माणसाचा प्रवास दिसतो. दलित लेखकानं अस्सल दिसण्यासाठी सगळं बोलीतच लिहावं, अशी अपेक्षा करणारे वाचक मला थोडे संशयास्पद वाटतात.

पण तिसऱ्या थरातले शब्द पवारांनी सोडलेले नाहीत. बलुतं, येसकर, जोहार. यातला शीर्षकाचाच शब्द घ्या. बलुतं म्हणजे गावाची कामं करण्याबद्दल मिळणारा धान्याचा वाटा. त्याला 'मोबदला' म्हणावं तर तो हक्क होता, वतनाशी बांधलेला. 'हक्क' म्हणावं तर तो खळ्यावर हात पसरून मागावा लागायचा. दोन्ही एकाच वेळी खरं होतं आणि हे दोन्ही धरून ठेवणारा दुसरा शब्द प्रमाण मराठीत नाही. जेरी पिंटो यांनी २०१५ साली इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा त्यांनीही शीर्षक बदललं नाही. 'जोहार'चंही तसंच. त्याजागी 'नमस्कार' घाला, म्हणजे कोण वाकलं आणि कोण उभं राहिलं हेच पुसलं जाईल.

एखाद्या ग्रामीण कादंबरीतली बोली किती खोल आहे, हे तुम्हाला घरी तपासता येईल. एक पान घ्या आणि फक्त उच्चार दुरुस्त करा : 'पानी'चं 'पाणी', 'व्हतं'चं 'होतं'. शब्द आणि वाक्यरचना तशीच ठेवा. त्यानंतरही माणूस कुठला आणि कोण हे कळत असेल, तर लेखकाचा कान चांगला. सगळंच सपाट झालं, तर ती बोली नुसती रंगरंगोटी होती. या चाचणीची मर्यादाही सांगतो. उच्चारावरच उभ्या असलेल्या विनोदावर आणि तमाशाच्या वगासारख्या प्रकारांवर ती अन्याय करते, तिथं ती वापरू नका.

दुसरी चाचणी जास्त अवघड आहे. खरा माणूस दिवसभर एकाच बोलीत बोलत नाही. जी बाई घरी 'मपलं' म्हणते, ती तहसील कचेरीत 'माझं' म्हणते. तिथं ती घाबरून 'न'च्या जागीही 'ण' लावते, कारण 'ण' म्हणजे शुद्ध एवढंच तिला शाळेनं शिकवलेलं असतं. हा बदल एकाच पात्राच्या तोंडी, जागेप्रमाणे होताना किती पुस्तकांत दिसतो? मी वाचलेल्या कादंबऱ्यांत फार कमी. गडी मळ्यात जसा बोलतो, तसाच कचेरीत, दवाखान्यात आणि बँकेत बोलतो. कुठल्या शब्दाला कुठं लपवायचं हे त्याला कळत नसावं, असं जणू लेखकांनी गृहीत धरलंय.

सुरुवातीच्या वाक्यातली बाई साखर कारखान्याच्या ऑफिसात गेली, तर काय म्हणेल? माझा अंदाज : "साहेब, माझी उचल..." 'मपली' गळेल, 'माझी' येईल. 'उचल' मात्र तशीच राहील, कारण साहेबाच्या वहीतही तोच शब्द लिहिलेला आहे.