ठेवू का?

आईचा फोन संपायला चार-पाच मिनिटं लागतात. "बरं," ती म्हणते. मीही "बरं" म्हणतो. "चल मग." "हो, चल." तेवढ्यात तिला आठवतं, "अरे, गॅसचा नंबर लावलास का?" दोन मिनिटं गॅसवर जातात. पुन्हा "बरं". आणि मग आवाज थोडा खाली आणून, "ठेवू का?"

या रेंगाळण्यालाही एक रचना आहे. एमॅन्युएल शेगलॉफ आणि हार्वी सॅक्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७३ साली संभाषणं संपतात कशी, यावरच एक निबंध लिहिला. निरोपाच्या शब्दाआधीच बोलणं मिटू लागतं, हे त्यांनी दाखवलं. एकजण उतरत्या सुरात 'वेल' किंवा 'ओके' म्हणतो. त्यात नवा विषय नसतो. माझं बोलून झालं, तुझं काही राहिलंय का, एवढीच विचारणा असते. समोरच्यानेही तसाच रिकामा शब्द परत दिला, की निरोपाची वाट मोकळी होते. आपलं 'बरं' नेमकं हेच करतं. आईला गॅस आठवतो तो याच मोकळ्या जागेत. घाईत फोन ठेवणारा माणूस ही जागाच देत नाही, म्हणून त्याचं "चल, बाय" कितीही गोड असलं तरी तुटक वाटतं.

आता 'ठेवू का' ऐका. ठेवायचा रिसीव्हर कधीच गेला, क्रियापद मात्र राहिलं. "ठेवतो" हा निर्णय आहे. "ठेव आता, झोप" यात हक्क आहे. "ठेवू का?" ही परवानगीची विचारणा आहे, आणि माझ्या मते तिन्हींत तीच सर्वांत ऊबदार, कारण तिला "थांब ना जरा" असं उत्तर देता येतं.

"काळजी घे"चं तसं नाही. मेसेजच्या शेवटी ते एकटंच आलं, की पुष्कळदा दार हळूच लोटल्यासारखं वाटतं. कायमचं दूर होणारी माणसंही हेच म्हणतात. पण "काळजी घे, आणि रात्री त्या घाटातून येऊ नकोस" यात बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तुमचा रस्ता असतो. "पोचलास की फोन कर" तर त्याहून पुढचं, कारण तोवर कुणीतरी जागं राहणार असतं. "बोलू लवकरच" आणि "रविवारी सकाळी करते" यांतही हाच फरक. कॉलेजातल्या एका मित्राचं "बोलू लवकरच" मी तीन वर्षं जपून ठेवलंय. त्यात वार नव्हता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आई "ठेवू का?" विचारते, मी "ठेव" म्हणतो. तरी फोन चालूच असतो. पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू येते, तिचा श्वास ऐकू येतो. लाल बटण दर वेळी मलाच दाबावं लागतं.