तीन निबंध, एक नाव : वैद्यकीय लेखातील संदर्भक्रमांकांविषयी

वैद्यकीय लेखातील विस्कळीत संदर्भांना क्रमांक देऊन एका पद्धतीत बसविणे हे लेखनिकाचे काम होय, अशी समजूत आपल्या अभ्यासकांत रूढ आहे. ती मान्य करण्यास प्रस्तुत लेखक तयार नाही. मजकुरात 'याज्ञिक, २००३' असे लिहिलेले असेतोवर जाणत्या वाचकास चूक दिसू शकते. त्या जागी '७' हा आकडा आला की नाव व साल ही दोन्ही नाहीशी होतात आणि चुकीचा आकडाही बरोबर आकड्याइतकाच निर्दोष भासतो.

पुण्याचेच उदाहरण घेऊ. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती माता व त्यांची अपत्ये यांचा जो दीर्घकालीन अभ्यास 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' या नावाने ओळखला जातो, त्यातून अनेक निबंध निघाले. २००१ मध्ये राव व सहकाऱ्यांनी मातेच्या आहारातील पालेभाज्या, फळे इत्यादींचा बाळाच्या जन्मकालीन आकाराशी असलेला संबंध दाखविला. २००३ मध्ये याज्ञिक व सहकाऱ्यांनी येथील बाळांची तुलना इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली : येथील बाळाचे सरासरी वजन २.७ किलो, तेथील ३.५ किलो, मात्र वजनाच्या मानाने त्वचेखालील चरबी येथे टिकून राहिलेली. २००८ चा निबंध मातेतील बी-१२ व फोलेट यांचे प्रमाण आणि मुलांतील इन्शुलिन-प्रतिरोध यांविषयी आहे. तिन्ही शीर्षकांत अभ्यासाचे नाव तेच आणि लेखकांची नावे पुष्कळशी समान.

आता एखाद्या प्रबंधलेखकाच्या मसुद्यात चार नोंदी आहेत असे समजू. पहिलीत 'इंट. जे. ओबेस., २००३' एवढेच; दुसरीत राव, २००१; तिसरीत 'डायबेटॉलॉजिया, २००७'; आणि समारोपात पुन्हा याज्ञिक, पण नियतकालिकाचे नाव त्या काळी होते तसे, म्हणजे लठ्ठपणा व तत्संबंधित चयापचय-विकार असे लांबलचक. वर्णानुक्रम लावला किंवा संगणकातील संदर्भ-व्यवस्थापकाकडे हे काम सोपविले, तरी चार नोंदींना चार क्रमांक मिळतील. कारण यंत्राच्या दृष्टीने नाव भिन्न म्हणजे निबंध भिन्न. वस्तुतः पहिली व चौथी नोंद एकाच निबंधाची आहे. खंड व आरंभपृष्ठ ताडून पाहिले की हे कळते : दोन्हींकडे २७ आणि १७३. सालावर विसंबण्यात अर्थ नाही, हे तिसरी नोंद सांगते. तो निबंध संकेतस्थळावर २००७ मध्ये आला, अंकात २००८ मध्ये छापला गेला. संदर्भसूचीत छापील अंकाचे साल द्यावयाचे.

ओळख पटल्यावर मांडणी सोपी आहे. १९७८ मध्ये व्हँकूवर येथे जमलेल्या संपादकांनी जी पद्धत घालून दिली, तिच्या आजच्या रूपात पहिले सहा लेखक देऊन पुढच्यांसाठी 'व इतर' या अर्थाचा लॅटिन संक्षेप लिहितात. वरील निबंधाला आठ लेखक आहेत, म्हणून :

```
Yajnik CS, Fall CH, Coyaji KJ, Hirve SS, Rao S,
Barker DJ, et al. Neonatal anthropometry: the
thin-fat Indian baby. The Pune Maternal Nutrition
Study. Int J Obes Relat Metab Disord.
2003;27(2):173-80.
```

क्रमांक मात्र अगदी शेवटी द्यावेत. मजकुरात प्रथम उल्लेखाचा जो क्रम तोच सूचीचा क्रम, आणि तोच निबंध पुन्हा आला तर पहिलाच आकडा पुन्हा. आपल्या मसुद्यात याज्ञिक १, राव २, डायबेटॉलॉजियातील निबंध ३, आणि समारोपात परत १. येथे एक अडचण हमखास उद्भवते. जो संदर्भ केवळ कोष्टकातच आहे, त्याचे स्थान ते कोष्टक मजकुरात प्रथम जेथे उल्लेखिले जाते तेथे धरावयाचे असते. कोष्टके लेखाच्या शेवटी जोडलेली असल्याने पुष्कळ लेखक त्यांना अखेरचे आकडे देऊन मोकळे होतात. शिवाय हाताने लिहिलेला '२-४' हा पल्ला, मध्ये एक नवा संदर्भ घुसला की, निमूटपणे भलत्याच निबंधांकडे बोट दाखवू लागतो. म्हणून शेवटच्या वाचनापर्यंत मजकुरात नाव व साल यांची खूण ठेवणेच इष्ट.

याहून कठीण प्रसंग म्हणजे 'याज्ञिक व इतर, पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' एवढीच नोंद. तेथे अंदाज करू नये. ज्या वाक्याला ती जोडली आहे ते वाक्य वाचावे. वाक्य बाळाच्या चरबीविषयी असेल तर २००३ चा निबंध, बी-१२ विषयी असेल तर २००८ चा. वाक्यात दोन्ही दावे एकत्र असतील तर आकडाही एक पुरत नाही; प्रत्येक दाव्याशेजारी त्याचा त्याचा द्यावा लागतो. आणि तिन्हींपैकी एकाही निबंधात सापडत नाही असा दावा असेल, तर दुरुस्ती सूचीत नव्हे, त्या वाक्यातच करावी लागते.