हात एक, पोत अनेक : सचित्र मेनूकार्डांची सद्यःस्थिती

मेनूकार्डावर पदार्थांचे फोटो छापण्याऐवजी त्या फोटोंवरून काढलेली चित्रं छापायची पद्धत आता मोठ्या रेस्टॉरंटांपुरती राहिलेली नाही. मालवणी खानावळी आणि मिसळीची हॉटेलंही ती उचलू लागली आहेत. या कामाकडे कला म्हणून पाहिलं, तर दोन उणिवा वारंवार दिसतात. एकाच कार्डावरची चित्रं चार वेगवेगळ्या लोकांनी काढल्यासारखी वाटतात, आणि रंग भडक असूनही पदार्थ खावासा वाटत नाही. माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे. कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी जे ठरवायला हवं, ते ठरवलेलंच नसतं.

सर्वांत सोपी वाट फिल्टरची. फोटो टाकायचा आणि जलरंगाचं किंवा शाईचं रूप घ्यायचं. पण फिल्टरला वाटी कळत नाही, त्याला फक्त उजेडातला फरक कळतो. स्टीलच्या ताटावर ट्यूबलाइटची तिरीप पडली असेल, तर तो तिच्याभोवतीही रेघ ओढतो. आणि रस्सा व ताट यांचा उजळपणा सारखा असेल, तर त्यांच्यामधली खरी कड पुसून टाकतो. त्यात तिसऱ्यांच्या शिंपल्यांचे खडे होतात आणि कोथिंबिरीचा हिरवा डाग. शिवाय दहा फोटो दहा प्रकारच्या उजेडात काढलेले असले, तर एकाच फिल्टरमधूनही दहा वेगळी चित्रं बाहेर पडतात. शैलीचा एकसारखेपणा फिल्टरमधून येत नाही, तो फोटोपासूनच जपावा लागतो.

उदाहरणादाखल मालवणी खानावळीचं कार्ड घेऊ. पदार्थ चार: कोंबडी-वडे, सुरमई फ्राय, तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी. फोटो मोबाइलवर, खानावळीतच काढायचे आहेत. मोबाइल ताटाच्या अगदी जवळ नेला की पुढची वाटी फुगते आणि मागची आक्रसते; म्हणून थोडं मागे उभं राहून दुप्पट झूमवर फोटो घ्यावा. कोन सगळ्यांना एकच. ४५ अंशांतून पाहिलं, तर वाटीचं गोल तोंड लंबगोल दिसतं आणि त्याची रुंदी १० धरली तर उंची साधारण ७ येते. हे प्रमाण प्रत्येक वाटीला, ताटाला आणि पेल्याला लागू केलं, की सगळे पदार्थ एकाच टेबलावर मांडल्यासारखे दिसतात. एका चित्रात ते ७ आणि दुसऱ्यात ४ झालं, तर कारण सांगता आलं नाही तरी गिऱ्हाइकाच्या डोळ्याला ते खटकतं.

पुढचा प्रश्न उजेडाचा. ट्यूबलाइटखाली पदार्थावर हिरवट छटा चढते, पिवळ्या दिव्याखाली सगळंच केशरी होतं. ती छटा काढताना बरेच जण भाताला पांढरा धरतात. इथे तो भात उकड्या तांदळाचा असेल, तर त्याला मुळातच तांबूस झाक असते. त्याला पांढरं करायला गेलं की रस्सा निळसर पडतो. ताटाशेजारी पांढरा कागद ठेवून एक फोटो जास्तीचा काढला आणि त्या कागदावरून रंग सुधारले, की हा घोटाळा टळतो.

आता रंग. मराठी जेवणाची खरी कसोटी तपकिरी रंग आहे. वडे, रस्सा, तळलेली सुरमई, सुकं, सगळं त्याच कुळातलं. पदार्थ चविष्ट दिसावा म्हणून सरसकट लाल-केशरी वाढवला, की हे चारही एकमेकांत मिसळतात. तपकिरीला जिवंत ठेवायचं, तर उजळ आणि गडद यांतलं अंतर राखावं लागतं. चित्र काळं-पांढरं करून पाहिलं की हे लगेच कळतं: वडा आणि रस्सा एकाच करड्या रंगाचे दिसले, तर मूळ रंग कितीही वेगळे असोत, ताट सपाट झालेलं असतं. सावलीत काळा रंग घालणं ही दुसरी चूक. काळ्याने पिवळा मळतो आणि अन्न शिळं वाटतं. अमेरिकन चित्रकार वेन थीबो यांची १९६०च्या दशकातली केकची चित्रं पाहावीत; त्यांतल्या सावल्या निळ्या आहेत, काळ्या नाहीत. मालवणी ताटाला मी जांभळट तपकिरी सावली देईन, चारही चित्रांत तीच, आणि उजेड नेहमी डावीकडून वरून. पूर्ण कार्डाला १२ रंग पुरे होतात.

एकसारख्या शैलीचा अर्थ मात्र सगळीकडे एकच फटकारा असा नाही. रश्श्यावरच्या तेलाच्या तवंगावर उजेड मोठ्या, गुळगुळीत ठिपक्यांनी चमकतो. सुरमईवरचा रवा खडबडीत असतो. त्यावर उजेड फुटून बारीक कणांसारखा विखुरतो आणि कडेला जास्त भाजलेली, गडद किनार असते. रश्श्याची ती मोठी पांढरी चमक सुरमईवर चढवली, की मासा कुरकुरीत न दिसता तेलात भिजलेला दिसतो. सोलकढीला चमक जवळजवळ नकोच; नारळाच्या दुधामुळे तिचा गुलाबी रंग फिका आणि मऊ असतो, पारदर्शक सरबतासारखा नव्हे. रेघ, सावली, कोन हे कायम ठेवून पोत बदलता येणं, यातच या कलेचं कौशल्य आहे. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी काढलेली गर्दी पाहा. माणसं सगळी वेगळी, पण कुठेही पाहिलं तरी हात एकाचाच.

चांगली चित्रंही दोन ठिकाणी बिघडतात. एक, मांडणीत. सोलकढीचा पेला लहान काढून नंतर कार्डावर दुप्पट मोठा केला, की त्याची रेघही दुप्पट जाड होते आणि शेजारच्या ताटाशी तिचा मेळ बसत नाही. म्हणून प्रत्येक चित्र शेवटी ज्या मापात छापायचं त्याच मापात काढावं. दोन, छपाईत. पडद्यावरचा झगझगीत केशरी छपाईच्या चार शाईंत उतरतच नाही. वड्याचा सोनेरी रंग पिवळ्या आणि मॅजेंटा शाईतच बसवावा. त्यात थोडीही निळी शाई शिरली तर तो मातकट होतो. मॅट लॅमिनेशनने रंग आणखी एक पायरी उतरतात, तेव्हा नमुना प्रत लॅमिनेशनसकट काढावी आणि खानावळीच्याच दिव्याखाली पाहावी.

बहुतेक कार्डं बिघडतात ती मात्र नंतर. पाच-सहा महिन्यांनी बांगड्याचं तिखलं किंवा खेकड्याचा रस्सा वाढतो, तोवर चित्रकार बदललेला असतो आणि नवं चित्र उपरं दिसतं. म्हणून खानावळ चालवणाऱ्यांना एकच सांगणं आहे. चित्रांबरोबर एका पानाचा तक्ताही मागून घ्या: कोन, उजेडाची दिशा, रेघेची जाडी, सावलीचा रंग आणि शाईच्या टक्क्यांसकट ते १२ रंग. तो तक्ता नसेल तर कामाचे पूर्ण पैसे चुकते करू नका.