उजवीकडचा सरळ रकाना

मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका घरगुती हॉटेलचं मेनूकार्ड समोर ठेवून हे लिहितो आहे. पाठपोट छापलेला, लॅमिनेट केलेला एकच कागद. मेनूकार्ड वाचावंसं वाटणं तसं दुर्मीळच, पण हे मी सावकाश, ओळीओळीनं वाचलं.

आपल्याकडे पदार्थांची यादी हाती आली की पहिली रेघ शाकाहारी आणि मांसाहारी अशी पडते. इथे ते काम पदार्थाच्या नावाआधीच्या हिरव्या आणि तांबड्या ठिपक्यांवर सोपवलं आहे. विभाग पाडलेत ते गिऱ्हाईक काय ठरवून आत येतं यावरून. सगळ्यात वर 'थाळ्या', मग 'कालवण आणि सुकं', त्याखाली 'भाकरी-भात' आणि तळाशी 'पावसाळ्यापुरतं'. चहा-नाश्ता मागच्या बाजूला. मुरबाडच्या एमआयडीसीतून जेवणाच्या सुट्टीत आलेल्या माणसाचं काम पहिल्या चार ओळींत होतं. माळशेजचे धबधबे बघायला निघालेलं मुंबईचं कुटुंब मात्र निवांत खालपर्यंत उतरतं. तीच यादी दोघांना दोन वेगवेगळ्या लांबीची वाटते. ही मांडणी करणाऱ्यानं आपली गिऱ्हाइकं नीट पाहिली आहेत.

मला सर्वांत आवडली ती वर्णनं, कारण ती मोजक्याच ठिकाणी आहेत. 'साधा भात' याखाली काही नाही, 'तांदळाची भाकरी' याखालीही नाही. 'चविष्ट', 'खास', 'अस्सल' हे शब्द पूर्ण कार्डात सापडत नाहीत. जिथे परक्या माणसाला वेटरला विचारावं लागलं असतं, तिथेच बारीक अक्षरात एक ओळ येते. 'गावठी कोंबडीचा रस्सा' याखाली लिहिलंय: 'वाटपातलं, तिखट. तासभर लागतो, आधी सांगा.' या ओळीत चव थोडी आणि वेळ जास्त आहे, आणि तेच बरोबर आहे. गावठी कोंबडी ब्रॉयलरसारखी वीस मिनिटांत शिजत नाही. हे आधी कळलं नाही, तर चिडलेलं गिऱ्हाईक आणि अर्धवट शिजलेलं मांस यांतलं एक तरी ठरलेलं.

'शेवळाची भाजी' याखालची ओळ अशी: 'पहिल्या पावसातली रानभाजी. काकडं घालून, सोडे टाकून.' शेवळं नीट शिजली नाहीत तर घसा खाजतो, म्हणून त्यांत काकडांची आंबट फळं घालतात. ज्याला हे ठाऊक आहे त्याला 'काकडं' या एका शब्दानं भरवसा येतो. ज्याला ठाऊक नाही त्याला निदान सोड्यांमुळे कळतं की ही भाजी शाकाहारी नाही. ठिपकाही अर्थात तांबडाच आहे. एका ओळीकडून याहून अधिक काय मागावं?

आता दर. शहरातल्या महागड्या हॉटेलांत दर हल्ली वर्णनाच्या शेवटीच, त्याच अक्षरांत मिसळून छापतात. सरळ रकान्यात लावले तर माणूस पदार्थ सोडून आकडेच वाचत सुटतो, असं त्यामागचं गणित. इथे दर उजव्या कडेला एका रेषेत आहेत: ९०, १४०, ३२०, संपूर्ण कोंबडीचे १,१००. एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक. मला हेच पटतं. चार माणसांचं जेवण खिशातल्या पैशांत बसवणाऱ्याला बेरीज करता आली पाहिजे. फक्त विभागातले पदार्थ दराच्या चढत्या क्रमानं लावायचे नाहीत, नाहीतर नजर स्वस्तापाशीच थांबते. इथे जास्त खपणारा पदार्थ वर आहे, त्यामुळे आकडे वरखाली होतात आणि नाव वाचावंच लागतं.

ही रेष स्पेसबार दाबत बसून साधत नाही. मराठी अक्षरांची रुंदी सारखी नसते. 'मटण'नंतर जितक्या मोकळ्या जागा लागतात तितक्या 'सुकट'नंतर लागत नाहीत, आणि डीटीपीवाल्याकडे फॉन्ट बदलला की सगळे दर नागमोडी होतात. वर्डमध्ये रूलरवर उजवा टॅब लावायचा, त्याला ठिपक्यांची रेघ जोडायची आणि प्रत्येक ओळीत टॅब एकदाच दाबायचा. मग नाव कितीही लांब असो, आकडा त्याच कडेला टेकतो. हाफ आणि फुलसाठी असे दोन टॅब. इथे ज्याचं हाफ मिळत नाही त्याच्या जागी छोटी आडवी रेघ आहे, म्हणून फुलचा दर डावीकडे सरकत नाही. मुठ्यांसमोर आकड्याच्या जागी 'आजचा भाव' आहे, तोही त्याच कडेला टेकलेला.

'पावसाळ्यापुरतं' हा विभाग छापलेला नाही, वरून चिकटवलेला आहे. शेवळं संपली की ती पट्टी निघते आणि कंटोलीची लागते. बाकीचं कार्ड तसंच राहतं.

हात कचरला आहे तो फक्त पनीरपाशी. कढाई, हंडी, मसाला, टिक्का मसाला, सगळ्यांचा दर एकच आणि खाली एकही ओळ नाही. तिथे दोनच ठेवून त्यांच्यातला फरक लिहिला असता, तर वालाच्या बिरड्याला कोपऱ्यात दबून राहावं लागलं नसतं.